दूध पिते, उन्हात बसते, तरी मुडदूस कसा?

“मॅडम, माझी मुलगी रोज दूध पिते, सकाळी उन्हात बसते. तरी मुडदूस कसा झाला? आणि थेंब किती दिवस द्यायचे, पाय सरळ झाले की बंद ना?”

वेगवेगळ्या आयांच्या तोंडून मी हाच प्रश्न सतत ऐकते. त्यातल्या एकीची मुलगी एकोणीस महिन्यांची होती. मनगटं जाडसर, पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले, चालायला उशीर. एक्स-रेमध्ये हाडांची टोकं पसरट आणि विस्कटलेली, रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज हे मुडदुसात चढणारं विकर वाढलेलं आणि ड जीवनसत्त्व मिलीला ९ नॅनोग्रॅम. १२ च्या खाली आलं की त्याला कमतरता म्हणतात. निदान डॉक्टरांनी केलं होतं. कमतरता कुठून आली ते शोधणं माझं काम.

‘दूध देता का?’ असं मी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. मी कालचा दिवस विचारते, उठल्यापासून झोपेपर्यंत. घरात वापरतात तसा पेला पुढ्यात ठेवते आणि तेवढं पाणी ओतून दाखवायला सांगते.

“एवढं, दोनदा.” आईने दीडशे मिली ओतलं.

“यात निव्वळ दूध किती?”

ती थांबली. “अर्धं. घट्ट पचत नाही म्हणून पाणी घालते.”

म्हणजे दिवसभरात निव्वळ दूध दीडशे मिलीच. गायीच्या १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, त्यामुळे हिशेब १८० वर आला. रात्रीचं अंगावरचं दूध आणि बाकी जेवण धरूनही आकडा तीनशेच्या आतच राहिला. वर्षावरच्या मुलाला रोज ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी मिळालं तर मुडदुसाचा धोका वाढतो, ५०० च्या पुढे पुरेसं धरतात. हे अंदाजच असतात, पण कमतरता मोठी असली की अंदाजातूनही दिसते. धान्यातल्या फायटेट नावाच्या घटकामुळे आहारातलं कॅल्शियम आणखी कमी शोषलं जातं, ही वेगळी गोष्ट.

उन्हाचं मात्र कोडं सुटेना. आई ठामपणे अर्धा तास म्हणत होती आणि ती खोटं बोलत नव्हती. शेवटी मी म्हटलं, “ती बसते ती जागा मला बोटाने काढून दाखवा.” तिने टेबलावर चौकोन काढला. “खिडकीपाशी. गार वारा लागू नये म्हणून काच लावते.”

काचेतून ऊब येते, प्रकाश येतो, पण त्वचेत ड जीवनसत्त्व घडवणारे किरण जवळजवळ अडतात. शिवाय वेळ अगदी सकाळची, सावली उंचीपेक्षा कितीतरी लांब. तेव्हा ते किरण फारच कमी असतात. आणि चेहऱ्याखेरीज सगळं अंग झाकलेलं. मला त्या चौकोनात अख्खं उत्तर मिळालं. माझा अनुभव असा, की माणसं सवय सांगतात. प्रसंग विचारला तरच खरं कळतं.

पण ऊन हा मुडदुसाचा उपचार नव्हे. त्याचं प्रमाण त्वचेचा रंग, ऋतू, ढग आणि धूर यांवर बदलतं, आणि भर उन्हात बसवलं तर कोवळी त्वचा भाजते. डॉक्टरांनी रोज ३००० युनिट ड जीवनसत्त्व किमान १२ आठवडे आणि सोबत रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लिहून दिलं. कॅल्शियमशिवाय नुसतं ड देऊ नये. हाड भरून यायला माल लागतो.

खरी गडबड होते ती नोंदीत. ‘एक ड्रॉपर’ लिहिलं की काहीच कळत नाही. एका बाटलीत मिलीला ४०० युनिट असतात, दुसरीत ८००. पहिलीतून ३००० युनिटांसाठी साडेसात मिली लागतात, दुसरीतून पावणेचार. म्हणून वहीत मी चार गोष्टी लिहून घेते: तारीख, बाटलीवरचं मिलीला युनिट, दिलेले मिली, आणि कॅल्शियम दिलं की नाही. या आईने बाटली बदलली तेव्हा मिली तेच ठेवले होते. वहीतल्या दोन ओळी शेजारी ठेवल्यावर डोस निम्मा झालेला दिसला. उलटं झालं असतं तर दुप्पट गेला असता. आठवड्याला एकदा द्यायची ६०,००० युनिटांची पुडी चुकून रोज दिली, तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या वाढतं. उलट्या, बद्धकोष्ठ, फार तहान असं दिसलं तर औषध थांबवून डॉक्टरांना दाखवावं.

डोस दुरुस्त झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी एक्स-रेमध्ये हाडाच्या टोकाशी पांढरी रेघ उमटली, म्हणजे भरणं सुरू झालं. पाय सरळ व्हायला मात्र महिने, कधी वर्षं लागतात. त्यामुळे थेंब पायांकडे बघून बंद करायचे नसतात. १२ आठवड्यांनी तपासण्या करून डॉक्टरांनी तिला रोजच्या ६०० युनिटांवर आणलं, तेही वहीत तारखेनिशी. नोंद पक्की असूनही तीन महिन्यांत हाडं भरत नसतील, तर मूत्रपिंड, शोषण किंवा फॉस्फेटचा दोष आहे का हे तपासावं लागतं, आणि डोस खरोखर पोटात गेला होता का हे तेव्हा त्याच वहीवरून ठरतं.