लिनेझोलिड, पायाच्या मुंग्या आणि कपाटातली जुनी स्ट्रिप

«माझ्या धाकट्या बहिणीला एमडीआर टीबी आहे. बीपाल्म हा लिनेझोलिडसह चार औषधांचा कोर्स सुरू होऊन साडेतीन महिने झाले. हिमोग्लोबिन ११.२ वरून ८.९ वर आलंय आणि दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येतात. आधी ती डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम घ्यायची, ती लिनेझोलिडमुळे बंद केली. आता पुन्हा गप्प गप्प असते. घरात जुनी स्ट्रिप आहे, सुरू करू का? आणि लिनेझोलिड बंद करावी का?»

स्ट्रिप सुरू करू नका आणि लिनेझोलिडही घरच्या घरी बंद करू नका. पण मुंग्यांची गोष्ट पुढच्या तारखेपर्यंत ठेवू नका, उद्याच टीबी सेंटरला जा. मी छातीविकारांचा डॉक्टर आहे, रेझिस्टंट टीबीचेच रुग्ण बघतो. मुंग्या उशिरा सांगितल्यामुळे कायमचं नुकसान झालेले लोक मी पाहिलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जिवाणूच्या पेशीत प्रथिनं तयार करणारं एक यंत्र असतं, रायबोसोम. लिनेझोलिड त्याला जाऊन चिकटते आणि प्रथिन बनवण्याची सुरुवातच होऊ देत नाही. अडचण अशी, की आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया फार पूर्वी जिवाणूंपासूनच आलेले आहेत आणि त्यांचे स्वतःचे रायबोसोम अजूनही जिवाणूंसारखे आहेत. तिथे फक्त १३ प्रथिनं बनतात, पण ऊर्जा तयार करायला ती सगळीच लागतात. म्हणजे टीबीच्या जिवाणूला मारण्याची आणि बहिणीच्या पायाला मुंग्या आणण्याची रीत एकच आहे. हे गोळीचं रिॲक्शन किंवा ॲलर्जी नाही. दोन आठवड्यांच्या कोर्समध्ये शरीर हा तोटा बहुतेक वेळा भरून काढतं. हे औषध अमेरिकेत २००० साली मंजूर झालं ते न्यूमोनिया आणि त्वचेच्या इन्फेक्शनसाठी, जास्तीत जास्त २८ दिवस द्यायचं म्हणून. टीबीत आपण तेच २६ आठवडे देतो, कारण या जिवाणूवर चालणारी औषधं मोजकीच आहेत.

आता रक्ताचं. अस्थिमज्जेत नव्या पेशी सतत बनत असतात, त्यामुळे ऊर्जेचा तुटवडा तिथे लवकर दिसतो. शिवाय हिमोग्लोबिनमधला ‘हीम’ हा भाग बनवण्याची सुरुवात आणि शेवट मायटोकॉन्ड्रियातच होतो. म्हणून या औषधाने उतरलेलं हिमोग्लोबिन बीट, खजूर किंवा लोहाच्या गोळ्यांनी वर येत नाही. लोह कमी असेल तर ते वेगळं तपासून द्यावं लागतं. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशीही घसरू शकतात, म्हणूनच सीबीसी वरचेवर करायला सांगतात. ८.९ हा आकडा लक्ष ठेवण्याचा आहे, घाबरून जाण्याचा नाही. साधारण ८ च्या खाली गेलं, किंवा दोन रिपोर्टमध्ये भराभर उतरलं, तर आम्ही औषध काही दिवस थांबवण्याचा विचार करतो. म्हणून शेवटचा एकच कागद नेऊ नका, सुरुवातीपासूनचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. औषध थांबवलं की रक्त बहुतेक वेळा काही आठवड्यांत सावरतं. रक्ताच्या बाबतीत शरीर माफ करतं.

नसांचं तसं नाही. पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या नसेचा तंतू कमरेपासून निघतो, तो जवळजवळ मीटरभर लांब असतो. इतक्या लांब टोकाला ऊर्जा पुरवणं हेच मोठं काम, म्हणून तुटवडा पडला की सर्वात आधी टोक सुकतं. त्यामुळे त्रास दोन्ही पायांत सारखा असतो, बोटांपासून वर सरकतो आणि हातांत नंतर येतो. कंबरेची शीर दबल्याने येणाऱ्या मुंग्या बहुधा एका पायात असतात, हा फरक लक्षात ठेवा. सुकलेलं टोक पुन्हा वाढतं, पण फार सावकाश आणि कित्येकदा अर्धवट.

हे किती जणांना होतं, हे डोसवर फार अवलंबून आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या निक्स-टीबी या अभ्यासात रोज १२०० मिलिग्रॅम दिलं होतं. दहातले नऊ रुग्ण बरे झाले, पण ८१ टक्क्यांना नसांचा त्रास झाला. पुढे झेनिक्स अभ्यासात, ज्याचे निकाल २०२२ मध्ये आले, ६०० मिलिग्रॅम २६ आठवडे देऊन पाहिलं. बरे होणारे तितकेच राहिले आणि नसांचा त्रास २४ टक्क्यांवर आला. आज बीपाल्ममध्ये ६०० देतात ते यामुळेच. २४ टक्के म्हणजे चारातला एक, तेव्हा तुमची बहीण काही वेगळी नाही आणि तिने काही चुकीचं केलेलं नाही.

एका रुग्णाचं सांगतो. शिलाई काम करणारा, पस्तिशीतला माणूस. औषधाच्या चौथ्या महिन्यात त्याच्या बायकोने पाहिलं, की चालताना याची चप्पल पायातून निसटते आणि हा तसाच पुढे जातो. त्याने आम्हाला सांगितलं नाही. औषध बंद करतील आणि टीबी परत येईल, अशी त्याला भीती. घराजवळच्या दवाखान्यात फक्त मुंग्यांबद्दल बोलला, टीबीच्या गोळ्यांचं नाव काढलं नाही. तिथे त्याला नसांच्या दुखण्यासाठी ड्युलोक्सेटिन लिहून दिलं. त्या डॉक्टरांना लिनेझोलिडचं माहीतच नव्हतं, त्यामुळे त्यांची चूक म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आमच्याकडे आला तेव्हा शर्ट घामाने ओला, हात थरथरत होते, सारखे जुलाब आणि जीव एका जागी ठरत नव्हता. त्याला झोपवून मी पाऊल झटक्यात वर दाबून धरलं, तर घोटा माझ्या हातात आपोआप टकटक उडत राहिला. याला क्लोनस म्हणतात. नव्या औषधानंतर असं दिसलं की सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन फार साचल्याचा त्रास, धरूनच चालायचं.

हा भाग नसांच्या नुकसानापेक्षा पूर्ण वेगळा आहे. मेंदूतलं सेरोटोनिन वापरून झालं की ते हटवायला दोन वाटा असतात. पेशी ते परत आत ओढून घेते आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम ते मोडून टाकतं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, ड्युलोक्सेटिन पहिली वाट अडवतात. लिनेझोलिड दुसरी थोडी अडवते. न्हाणीघरातून पाणी जायला दोन बोळे आहेत आणि दोन्हींत एकाच वेळी चिंधी अडकली, तर पाणी तुंबतंच. यासाठी महिने लागत नाहीत. नवी गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही तासांत, बहुतेक वेळा एका दिवसाच्या आत त्रास सुरू होतो.

आम्ही त्याचं ड्युलोक्सेटिन बंद केलं, लिनेझोलिड थांबवली, सलाइन लावलं आणि थरथर कमी करायला लोराझेपाम दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घोटा शांत झाला होता. नंतर लिनेझोलिड ३०० वर आणून कोर्स पूर्ण केला, टीबी बरा झाला. पण वर्षभराने सुई हाताच्या बोटाला टोचली तर कळायचं, आणि पायाचे तळवे मात्र अजून बधिरच होते. चप्पल निसटली त्याच आठवड्यात तो आला असता, तर इतकं राहिलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून बहिणीच्या मुंग्यांसाठी कोणी गोळी दिली तर तिच्यात काय आहे ते वाचा. आपल्याकडे प्रीगाबालिन आणि नॉरट्रिप्टिलिन एकाच गोळीत सर्रास मिळतं. नॉरट्रिप्टिलिन आणि ॲमिट्रिप्टिलिन ही मुळात डिप्रेशनचीच औषधं आहेत, नुसतं प्रीगाबालिन किंवा गॅबापेन्टिन तसं नाही. दुखण्यावरचं ट्रामाडॉल आणि कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन हेही याच यादीत येतात. टीबीच्या घरात खोकल्याची बाटली हाताशी असतेच, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता ती स्ट्रिप. हा धोका वारंवार घडणारा नाही, हेही खरं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात लिनेझोलिड घेतलेल्या ११३४ वयस्कर रुग्णांची पाहणी झाली. त्यात अँटिडिप्रेसंट घेणारेही होते, तरी सेरोटोनिन सिंड्रोम अर्ध्या टक्क्याहून कमी लोकांना झाला. त्यामुळे डिप्रेशन खरोखर परत येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ आणि टीबीचे डॉक्टर मिळून लक्ष ठेवून औषध सुरू करू शकतात, आणि कधी कधी तेच योग्य असतं. सहा महिने उदासीत काढणंही धोक्याचंच आहे, त्यात माणूस टीबीच्या गोळ्याच सोडून देतो. मात्र हे ठरवून, थोड्या डोसने, पहिले दोन दिवस कोणीतरी सोबत राहून करायचं असतं. कपाटातून काढून द्यायचं नसतं. लिनेझोलिड कायमची बंद झाली, तर शेवटच्या गोळीनंतर २४ तासांनी एस्सिटालोप्राम सुरू करता येते. उलट दिशेने जाताना जास्त थांबावं लागतं: एस्सिटालोप्राम बंद करून लिनेझोलिडआधी सुमारे दोन आठवडे, फ्लुओक्सेटिन असेल तर पाच. जगावंसं वाटत नाही असं ती बोलली, तर मात्र तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, रात्री-अपरात्री टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा.

लिनेझोलिडचं काय करायचं, यात तुमची बाजू त्यातल्या त्यात बरी आहे. पहिले नऊ आठवडे ६०० चा पूर्ण डोस मिळणं फार महत्त्वाचं असतं आणि तिचे ते झालेले आहेत. त्यामुळे डोस ३०० करायला किंवा काही दिवस थांबवायला डॉक्टरांना जागा आहे. पण बाकीची औषधं चालू ठेवून ही एकच आपणहून सोडली, तर जिवाणूला उरलेल्या औषधांशी जुळवून घ्यायला वाव मिळतो. बी-६ ची गोळी देत असतील तर चालू ठेवा, पण लिनेझोलिडच्या मुंग्या तिने थांबतील या भरवशावर राहू नका.

जाण्याआधी आज घरीच एक गोष्ट बघा. एक डोळा झाकून तिला वर्तमानपत्र वाचायला द्या, मग दुसरा झाकून. कुंकवाची डबी समोर धरून विचारा, लाल दोन्ही डोळ्यांनी तितकाच लाल दिसतो का. अक्षर धूसर झालं किंवा लाल फिका, विटका वाटला तर डोळ्याच्या नसेवरही परिणाम सुरू झाला असू शकतो. ती नस वेळेत औषध थांबवलं तर बहुधा सावरते. असं काही आढळलं तर उद्याची वाट न बघता आजच फोन करा आणि पुढची लिनेझोलिड देण्याआधी विचारा.