तिसऱ्या वाचनाला पेन खाली

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सराव पेपरात चौथ्या प्रश्नाशी पोचलीस आणि डोकं एकदम कोरं झालं. पंचवीस मिनिटं त्याच प्रश्नाकडे बघत बसलीस आणि पुढचे दोन सोपे प्रश्न वेळेअभावी राहून गेले. घरी आल्यावर हातपाय धुताना उत्तर आपसूक आठवलं, हे तू शेवटी जाता जाता लिहिलं आहेस. मला तेच सगळ्यांत कामाचं वाटलं. पुस्तक न उघडता आठवलं, म्हणजे उत्तर डोक्यात होतं, फक्त त्या घटकेला हाती लागत नव्हतं. उत्तर यायला पुस्तक उघडावं लागलं असतं, तर मी तुला हे पत्र लिहिलं नसतं, तो धडा पुन्हा करायला सांगितलं असतं.

माझ्या शिकण्याच्या वयात माझंही एका पेपरात हेच झालं होतं. चाळीस मिनिटं गेली. त्यानंतर इतकी वर्षं मुलांना पेपर सोडवताना समोर बसून पाहते आहे आणि एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. डोकं कोरं होतं त्यात जाणारे गुण थोडे असतात. त्यानंतर त्याच जागी अडून बसण्यात जाणारे गुण खूप जास्त असतात.

तिथे नेमकं काय होतं ते आधी समजून घे. एका वेळी मनासमोर धरून ठेवता येतील अशा गोष्टी मोजक्याच असतात. गणित सोडवताना दिलेल्या किमती, सूत्र आणि पुढची पायरी एवढ्यानंच ती जागा भरते. ‘आता काय होणार, वेळ चालला’ हा विचार तीच जागा अडवतो आणि सूत्राला उभं राहायला ठिकाण उरत नाही. शिवाय आपण तीच अर्धवट आठवलेली ओळ पुन्हापुन्हा ओढत राहतो. एखाद्याचं नाव आठवत नसताना चुकीचं नाव तोंडात बसावं, तसं होतं: जितकं ओढशील तितकं तेच पुढे येतं. म्हणून ‘शांत हो, आठव’ असं स्वतःला सांगून उपयोग होत नाही. त्या वेळी हाताला आधीच ठरलेलं काम हवं, ज्याला विचार लागत नाही.

मी शिकवते ती रीत दीड मिनिटाची आहे.

सुरुवात कधी करायची ते आधी पक्कं ठरव, कारण घाबरलेल्या माणसाला आपण घाबरलोय हे उशिरा कळतं. माझी खूण सोपी आहे. तोच प्रश्न तिसऱ्यांदा वाचते आहेस आणि अर्थ लागत नाही, की पेन खाली. चौथं वाचन नाही. पेन बाकावर ठेव, दोन्ही तळवे जमिनीला टेकव आणि तीन श्वास घे. आत घेताना मनात चारपर्यंत मोज, सोडताना सहापर्यंत. सोडणं लांबलं की छातीतली धडधड थोडी उतरते. छाती भरून खोल श्वास घ्यायच्या मागे लागू नकोस, त्यानं गरगरतं. नेहमीएवढाच घे, फक्त सावकाश सोड. याला अर्धं मिनिट लागतं.

मग पेन उचल आणि कच्च्या कामाच्या जागी, प्रश्नाकडे बघत, तीन गोष्टी लिही: काय दिलंय, काय मागितलंय, आणि त्या विषयाची एखादी आकृती किंवा आठवेल तो कुठलाही शब्द. सूत्र आठवायचा प्रयत्न इथे करायचाच नाही. याला एक मिनिट. तेवढ्यात वाट सापडली तर सोडव. नाही सापडली, तर उत्तरपत्रिकेत प्रश्नाचा क्रमांक टाक, अर्धं पान मोकळं सोड आणि जो प्रश्न नक्की येतो त्यावर जा. तो पूर्ण झाल्यावर परत ये.

त्या मिनिटात काय घडू शकतं ते एका उदाहरणावरून सांगते. प्रश्न असा होता: बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर 20 सेमी, वस्तू भिंगापासून 30 सेमीवर, प्रतिमा कुठे मिळेल? सोडवणाऱ्या मुलाला भिंगाचं सूत्र अर्धं आठवत होतं. मध्ये अधिक की वजा, एवढंच अडलं होतं, आणि तो दोन्ही लिहून खोडत बसला होता. पेन खाली, तीन श्वास. मग त्यानं लिहिलं: `f = 20`, `u = −30`, काढायचंय `v`. खाली मुख्य अक्ष ओढला, भिंग काढलं, एका बाजूला 20 वर आणि 40 वर खूण केली आणि वस्तू त्या दोन खुणांच्या मध्ये उभी केली. ही आकृती त्यानं वर्गात वीसेक वेळा काढली होती. वस्तू या दोन खुणांच्या मध्ये असेल तर प्रतिमा पलीकडच्या बाजूला, दुप्पट नाभीय अंतराच्याही पुढे, उलटी आणि मोठी मिळते, हे हातानं सांगितलं. म्हणजे उत्तर 40 च्या वर हवं.

आता दोन्ही सूत्रं तपासता आली. अधिक चिन्ह घेऊन `1/v = 1/20 + 1/30 = 1/12`, म्हणजे 12 सेमी. हे आकृतीशी जुळत नाही. वजा चिन्ह घेऊन, म्हणजे `1/v − 1/u = 1/f` धरून, `1/v = 1/20 − 1/30 = 1/60`, म्हणजे 60 सेमी. 40 च्या पुढे, जुळलं. सूत्र जिथून येत नव्हतं तिथून त्यानं ओढलंच नाही, दुसऱ्या दारानं आत शिरला. इतिहासाच्या प्रश्नात हेच काम मागच्या-पुढच्या घटनांची छोटी रेघ करते, भाषेच्या पेपरात कवितेतली एखादी आठवलेली प्रतिमा करते. तुझ्या प्रत्येक विषयासाठी असं एकेक दार आजच ठरवून ठेव.

आता मुख्य गोष्ट. ही रीत वाचून समजली म्हणून परीक्षेत येणार नाही. घाबरल्यावर माणूस नवं काही करत नाही, सवयीचं करतो. म्हणून ती घड्याळ लावून जुने पेपर सोडवतानाच अंगी लागली पाहिजे, आणि अडचण ही, की घरी सोडवताना डोकं कोरं होतच नाही. ते मुद्दाम करावं लागतं.

पुढच्या तीन आठवड्यांत सहा पेपर पूर्ण वेळ लावून सोडव. पहिल्या दोन पेपरांत घरातल्या कुणाला तरी सांग, की तुला न कळवता मधे दोनदा गजर वाजव. वाजला की वाक्य अर्धं असलं तरी तिथेच पेन खाली आणि रीत सुरू. यात भीती नसते, पण हालचालींचा क्रम बसतो. तिसऱ्या-चौथ्या पेपरात सुरुवातच सर्वांत नकोशा प्रश्नानं कर. बसण्याआधी, तब्येत ठीक असेल तर, जिना दोन-तीनदा भरभर चढून ये. छाती धडधडत असताना पहिला प्रश्न वाचायचा, म्हणजे त्या धडधडीची ओळख होते आणि तिच्यातही लिहिता येतं हे हाताला कळतं. शेवटचे दोन पेपर अनोळखी ठिकाणी, इतर माणसं असताना सोडव. यांत गजर नको. खरंखुरं अडलं तरच रीत वापर.

दर वेळी रीत वापरलीस की समासात एक छोटी फुली मार आणि घड्याळातली वेळ लिही. परत लिहायला लागलीस की पुन्हा वेळ लिही. पेपर संपल्यावर या खुणाच खरं काय ते सांगतात. पहिल्या पेपरात तुझा दीड मिनिटाचा थांबा चार मिनिटांचा निघेल, बहुतेकांचा निघतो. श्वास तीनाऐवजी दहा घेतले जातात, किंवा कच्चं काम म्हणून पानभर लिहिलं जातं. आणि एका पेपरात सहा-सात फुल्या दिसल्या, तर तू प्रत्येक लहान अडखळण्याला रीत वापरते आहेस. मग तो थांबा पळवाट होतो. तीन तासांच्या पेपरात दोन, फार तर तीन.

फुली मारलेला प्रत्येक प्रश्न पेपरानंतर अर्ध्या तासानं, पुस्तक मिटलेलं ठेवून पुन्हा लिहून बघ. आला, तर डोकं कोरं झालं होतं. नाही आला, तर तो भाग झालेलाच नाही आणि श्वास मोजून तो होणार नाही. हे दोन ढीग वेगळे ठेव.

दुसरा ढीग मोठा निघाला तर अभ्यासाची पद्धत बदल. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग 2016 साली ‘सायन्स’मध्ये छापून आला होता. काही जणांनी दिलेली यादी पुन्हापुन्हा वाचून पाठ केली, काहींनी न बघता आठवून आठवून पक्की केली. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या काहींना मुद्दाम ताण दिला गेला. वाचून पाठ करणाऱ्यांची आठवण ताणानंतर घसरली, आठवून पक्कं करणाऱ्यांची घसरली नाही. प्रयोगातली यादी म्हणजे तुझा अख्खा पेपर नव्हे, पण मी वर्गात पाहते तेही याहून वेगळं नाही. तेव्हा वही मिटून लिहायची सवय आतापासून लाव.

एक बारीक सूचना पर्यायी प्रश्नांच्या पेपरासाठी. तिथे प्रश्न सोडून पुढे गेलीस की उत्तरपत्रिकेवरचं त्या क्रमांकाचं वर्तुळ रिकामं राहिलंच पाहिजे. प्रश्नपत्रिकेवर त्या क्रमांकाला गोल कर आणि पुढचं उत्तर भरताना क्रमांक मनात म्हण. रांग एकानं सरकून सगळी उत्तरं चुकलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं डोकं कोरं झालं होतं ते एकाच प्रश्नाला.

आणि हे सगळं करूनही प्रत्येक पेपराआधी उलट्या, थरथर, रात्र रात्र झोप नाही असं होत असेल, तर ते लपवू नकोस. तेव्हा या रीतीचं काम नाही, डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जायचं. मला सांग, मी सोबत येईन.

पहिला पेपर या रविवारी सकाळी, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला सुरू कर. गजर कोण वाजवणार ते शनिवारी ठरव. संध्याकाळी मला फक्त फुल्या आणि त्यांच्या वेळा पाठव, गुण आत्ता नकोत.

तुझी,
बाई