साप्ताहिक रिजेक्शन रिपोर्ट: साहेबांकडे परवानगी मागताना

प्रश्न: शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत क्वालिटीला आहे. दर सोमवारी तिन्ही शिफ्टच्या एक्सेल शीट उघडून, कॉपी-पेस्ट करून आठवड्याचा रिजेक्शन रिपोर्ट बनवतो. तीन तास जातात. पॉवर क्वेरीने होईल असं वाटतंय, पण मॅनेजर म्हणतात "चालतंय ते चालू दे." परवानगी कशी मागू?

उत्तर:

साहेबांना पॉवर क्वेरीची भीती नसणार. आकडा बदलला तर वर उत्तर कोण देणार, ही भीती असते, आणि ती रास्त आहे. म्हणून आधी तुमच्या आत्ताच्या रिपोर्टातली टक्केवारी नेमकी कशी निघते ते तपासा.

समजा एका पार्टचे पहिल्या शिफ्टला ४०० नग तपासले, २० रिजेक्ट झाले, म्हणजे ५ टक्के. नाईटला १०० तपासले, १५ रिजेक्ट, म्हणजे १५ टक्के. हाताने करताना बरेच जण या दोन टक्क्यांची सरासरी काढून १० लिहितात. खरा आकडा ५०० पैकी ३५, म्हणजे ७ टक्के. क्वेरीने एकत्र केलेल्या Data टेबलवर शीटमध्ये हे सूत्र लिहिलं की बेरजेवरून भाग जाईल आणि ७ दिसेल:

```
=SUM(Data[Rejected])/SUM(Data[Checked])
```

हे आधी सांगितलं नाही तर पहिल्याच सोमवारी "रिजेक्शन तीन टक्क्यांनी कमी कसं झालं?" हा प्रश्न येणार, आणि दोष तुमच्या फाईलवर जाणार. दुसरी तशीच गोष्ट मशिनिंगला उघड होणाऱ्या ब्लो होलची. कास्टिंग मागच्या आठवड्यात ओतलेलं, दोष या आठवड्यात दिसला. तो कुठल्या आठवड्यात धरायचा? हाताने करताना माणूस अंदाजाने कुठेतरी टाकतो. क्वेरीला एक तारीख ठरवून द्यावी लागते, ओतल्याची किंवा सापडल्याची. हा निर्णय साहेबांचा, तुम्ही परस्पर घेऊ नका.

आता धोके. हे लपवलेत तर परवानगी मिळेल, पण टिकणार नाही. एरर दाखवून बंद पडणाऱ्या चुका त्रासदायक असल्या तरी निरुपद्रवी असतात: कुणी कॉलमचं नाव बदललं की `The column ... of the table wasn't found` येतं आणि रिफ्रेश थांबतो. खरी भानगड गुपचूप होणाऱ्या चुकांची. सहा दिवस, तीन शिफ्ट, म्हणजे १८ फाईल हव्यात. शनिवारच्या नाईटची फाईल फोल्डरमध्ये आलीच नाही, तर पॉवर क्वेरीचं From Folder काहीही कुरकुर न करता १७ फाईलींचा रिपोर्ट देतं. त्यामुळे रिपोर्टच्या माथ्यावर आलेल्या फाईलींची संख्या दिसलीच पाहिजे, १८ नसेल तर लाल रंगात. तारखेचंही तसंच. मजकूर म्हणून टाईप केलेली 03/04 ही तारीख अमेरिकन सेटिंगच्या कॉम्प्युटरवर ४ मार्च म्हणून वाचली जाते, तर 13/04 ला एरर येते. कॉलमचा प्रकार बदलताना Using Locale मधून English (India) निवडा.

फाईलींचं फोल्डर सर्व्हरवर असू द्या. पाथ तुमच्या `C:\Users` मधला असला तर तुम्ही रजेवर असताना दुसऱ्याच्या मशिनवर रिफ्रेश होणार नाही, आणि साहेबांची सगळ्यात मोठी शंका तिथेच खरी ठरेल.

फायदा सांगताना "माझे तीन तास वाचतील" याने सुरुवात करू नका, त्यावर "मग त्या वेळात काय करणार?" हेच ऐकावं लागतं. आत्ता रिपोर्ट दुपारी हातात पडत असेल, तर तो सकाळच्या मीटिंगआधी मिळेल, हे साहेबांच्या कामाचं आहे. कुठल्या पार्टला कुठला दोष वाढतोय हे त्याच दिवशी सँड प्लांटला सांगता येतं.

मागणीही "ऑटोमेशनला परवानगी" अशी नको. चार सोमवारांची चाचणी मागा. मेल साधारण असा:

> साहेब, रिजेक्शन रिपोर्ट पुढचे चार सोमवार मी नेहमीप्रमाणे हातानेच देईन. सोबत पॉवर क्वेरीचा रिपोर्ट फक्त तुम्हाला दाखवेन. क्वेरी शिफ्टच्या फाईली फक्त वाचते, त्यात काही बदल करत नाही. मॅक्रो नाही, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नाही. दोन्ही आकड्यांत फरक आला तर कारण लिहून देईन. दोन गोष्टी तुम्ही ठरवून द्याव्यात: टक्केवारी एकूण नगांवर काढायची का, आणि मशिनिंगचं रिजेक्शन कुठल्या तारखेला धरायचं. चार आठवड्यांनी पटलं नाही तर जुनी पद्धत जशीच्या तशी चालू राहील.

एक्सेल २०१६ किंवा त्यानंतरचं असेल तर पॉवर क्वेरी Data टॅबमध्येच असते. आयटीवाल्यांना मेलच्या सीसीमध्ये ठेवा. सर्व्हरवरच्या फोल्डरला नुसती वाचायची परवानगी पुरते.

नाईटचे आकडे अजून व्हॉट्सअॅपवर कागदाच्या फोटोतून येत असतील, तर मात्र मेल आत्ता पाठवू नका. आधी त्या शिफ्टला इतरांसारखीच शीट भरायला लावा. तोपर्यंत त्या सहा फाईली तुम्हालाच टाईप कराव्या लागतील, आणि वाचणारा वेळ सांगताना तेवढा वजा करावा लागेल.