पासवर्डचा हॅश नेमकी कशाची हमी देतो?

प्रश्न: वेबसाइट आपला पासवर्ड ठेवत नाही, फक्त त्याचा हॅश ठेवते असे म्हणतात. मग लॉगिन करताना पासवर्ड बरोबर आहे हे तिला कसे कळते? आणि हॅशवरून पासवर्ड काढताच येत नसेल, तर हॅश चोरीला गेल्यावर सगळ्यांना पासवर्ड बदलायला का सांगतात?

उत्तर:

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. तुम्ही लॉगिनच्या पानावर लिहिलेला पासवर्ड सुरक्षित जोडणीवरून सर्व्हरपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. सर्व्हर तिथल्या तिथे त्याचा हॅश काढतो, डेटाबेसमध्ये तुमच्या नावासमोर असलेल्या हॅशशी तो ताडून पाहतो आणि मूळ पासवर्ड टाकून देतो. म्हणजे वेबसाइटला तुमचा पासवर्ड क्षणभर माहीत असतोच. ती तो लिहून ठेवत नाही इतकेच. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र जरा सविस्तर द्यावे लागेल, कारण ‘हॅशवरून पासवर्ड काढता येत नाही’ या विधानाला एक अट आहे आणि बहुतेक लेखांत नेमकी तीच गाळलेली असते.

हॅश फंक्शन कितीही लांबीचा मजकूर घेते आणि त्यापासून ठरावीक लांबीची एक संख्या तयार करते. SHA-1 या जुन्या फंक्शनचा हॅश १६० बिटांचा, म्हणजे सोळाच्या पायात लिहिल्यास ४० अंकांचा असतो. लिनक्सवर हे स्वतः करून पाहता येते:

```
$ printf 'password' | sha1sum
5baa61e4c9b93f3f0682250b6cf8331b7ee68fd8  -
$ printf 'Password' | sha1sum
8be3c943b1609fffbfc51aad666d0a04adf83c9d  -
```

(इथे `echo` वापरल्यास शेवटी नव्या ओळीचे चिन्हही जोडले जाते आणि वेगळाच हॅश मिळतो, नवशिक्यांचा गोंधळ बहुधा इथेच होतो.) एका अक्षराचा आकार बदलताच सगळा हॅश बदलला, आणि दोन्ही हॅश शेजारी ठेवले तरी मूळ शब्द सारखे होते याचा मागमूस लागत नाही. तोच मजकूर दिला तर मात्र कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही दिवशी, तोच हॅश मिळतो. लॉगिनच्या वेळची तुलना या गुणावर चालते.

चांगल्या हॅश फंक्शनकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते. दिलेला हॅश देणारा कोणताही मजकूर शोधणे अशक्यप्राय असावे, दिलेल्या मजकुराचाच हॅश देणारा दुसरा मजकूर शोधणेही तसेच असावे, आणि एकच हॅश असलेले कोणतेही दोन मजकूर आपल्या मर्जीने तयार करणेही तसेच असावे. यातली तिसरी हमी सर्वांत आधी ढासळते. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेतील संशोधकांनी एकच SHA-1 हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जाहीर केल्या, आणि त्यानंतर डिजिटल स्वाक्षरीसाठी SHA-1 वापरणे धोक्याचे ठरले. पासवर्डच्या बाबतीत मात्र चोराला पहिली हमी मोडावी लागते, आणि SHA-1 ची पहिली हमी आजही कोणी मोडलेली नाही. तरीही SHA-1 ने साठवलेले कोट्यवधी पासवर्ड उघडे पडले आहेत. हे कसे घडते, ते लिंक्डइनच्या उदाहरणावरून चांगले कळते.

जून २०१२ मध्ये लिंक्डइनच्या सदस्यांचे सुमारे ६५ लाख हॅश एका रशियन फोरमवर आले. ते साध्या SHA-1 ने काढलेले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक हॅशांचे पहिले पाच अंक पुसून तिथे शून्ये घातली होती; ज्यांचे पासवर्ड आधीच सापडले होते त्यांवर केलेली ती खूण असावी, असा तेव्हा जाणकारांचा कयास होता. २०१६ मध्ये उघड झाले की चोरी याहून कितीतरी मोठी होती: त्याच घटनेतील सुमारे ११ कोटी ७० लाख खात्यांचे ईमेल पत्ते आणि हॅश विक्रीला आले होते.

यातला एकही हॅश कोणी ‘उलटा’ केला नव्हता. चोर एक शब्द घेतो, त्याचा SHA-1 काढतो, तो यादीत आहे का ते पाहतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. तुमची वेबसाइट लॉगिनच्या वेळी जे करते तेच तो करतो, फक्त स्वतःच्या यंत्रावर आणि कोणतीही अडवणूक नसताना. हॅश फंक्शनची हमी इतकीच आहे की अंदाज करून पाहण्यापेक्षा जवळचा मार्ग उपलब्ध नाही. अंदाज किती करावे लागतील, हे मात्र सर्वस्वी मूळ मजकुरावर अवलंबून असते. मजकूर १६० यादृच्छिक बिटांचा असेल तर पृथ्वीवरची सगळी यंत्रे लावूनही तो सापडणार नाही; पण माणसाने लक्षात ठेवण्यासाठी निवडलेला पासवर्ड तसा नसतो. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे सर्व संभाव्य पासवर्ड सुमारे २०,९०० कोटी आहेत, आणि आजचे एक उत्तम ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे ५,००० कोटी SHA-1 हॅश काढते. म्हणजे ते सर्व तपासून संपायला चार-पाच सेकंद पुरतात.

लिंक्डइनच्या यादीत याहून मोठी उणीव होती, ती म्हणजे सॉल्ट नव्हता. सॉल्ट हा प्रत्येक खात्यासाठी वेगळा तयार केलेला यादृच्छिक मजकूर असतो; तो पासवर्डला जोडून मग हॅश काढतात आणि हॅशशेजारीच उघडपणे ठेवतात. तो गुप्त नसतो, मग त्याचा उपयोग काय, असे अनेक जण विचारतात. सॉल्ट नसेल तर `123456` हा पासवर्ड वापरणाऱ्या सगळ्यांचा हॅश एकच येतो, चोराने काढलेला एक हॅश एकाच वेळी सर्व खात्यांशी ताडून पाहता येतो, आणि लाखो शब्दांचे हॅश आधीच काढून ठेवलेले तक्तेही कामाला येतात. सॉल्ट असेल तर प्रत्येक अंदाज प्रत्येक खात्यासाठी नव्याने करावा लागतो. ही कल्पना नवी नाही. युनिक्सच्या पासवर्ड फाइलीसाठी रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात बारा बिटांच्या सॉल्टचे वर्णन केले होते. इतक्या मोठ्या कंपनीने तेहतीस वर्षांनंतरही तो वापरलेला नसावा, हे मला आजही अक्षम्य वाटते.

पण सॉल्टमुळे एकेका अंदाजाचा वेग कमी होत नाही. SHA-1 किंवा SHA-256 ही फंक्शने मुद्दाम वेगवान बनवलेली आहेत, कारण मोठमोठ्या फाइली तपासण्यासाठी तो वेग हवा असतो. पासवर्डसाठी तोच वेग घातक ठरतो. म्हणून १९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी bcrypt मांडले, ज्यात हॅश किती संथ असावा हे ठरवता येते. डेटाबेसमध्ये त्याची नोंद अशी दिसते:

```
$2a$12$R9h/cIPz0gi.URNNX3kh2OPST9/PgBkqquzi.Ss7KIUgO2t0jWMUW
```

सुरुवातीचा `2a` म्हणजे आवृत्ती. `12` म्हणजे आतली प्रक्रिया दोनाचा बारावा घात, म्हणजे ४,०९६ वेळा करायची. पुढची २२ अक्षरे सॉल्टची आणि उरलेली ३१ हॅशची. ही नोंद हाती असली की पडताळणीला लागणारे सगळे त्यातच मिळते. साधारण सर्व्हरला या हिशेबाला सुमारे पाव सेकंद लागतो आणि लॉगिन करणाऱ्याला तो जाणवतही नाही. वरचे ग्राफिक्स कार्ड मात्र आता सेकंदाला जेमतेम १,४०० अंदाज करू शकते. तेच २०,९०० कोटी पासवर्ड तपासायला त्याला आता पावणेपाच वर्षांच्या आसपास लागतील, आणि तेही एका खात्यासाठी. यंत्रे वेगवान झाली की १२ चे १३ करावे, म्हणजे काम दुप्पट होते. आज नवी व्यवस्था उभारताना मी `argon2id` निवडेन, कारण ते वेळेबरोबर भरपूर मेमरीही अडवते आणि ग्राफिक्स कार्डाला शेकडो अंदाज समांतर चालवणे अवघड होते. bcrypt ची एक मर्यादाही लक्षात ठेवावी: ते पासवर्डचे पहिले ७२ बाइटच पाहते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे मराठीत लिहिलेल्या लांब वाक्याची जास्तीत जास्त पहिली २४ देवनागरी चिन्हेच हिशेबात येतात.

आता तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाकडे येतो. समजा वेबसाइटने सगळे नीट केले आहे आणि तुमचा पासवर्ड `ganesh@123` आहे. चोर आठ अक्षरांच्या सगळ्या जुळण्यांपासून सुरुवात करत नाही. तो आधीच्या चोऱ्यांतून मिळालेले पासवर्ड, प्रचलित नावे आणि त्यांच्यामागे लोक जोडतात ती शेपटे घेतो. पाच हजार नावे आणि दोनशे शेपटे यांच्या जुळण्या दहा लाख होतात, आणि सेकंदाला १,४०० या संथ गतीनेही त्या बारा मिनिटांत संपतात. `123456` तर पहिल्याच सेकंदात सापडेल. संथ आणि सॉल्टयुक्त हॅशने पासवर्ड बदलण्यासाठी वेळ मिळतो, आणि तो किती मिळेल हे पासवर्डचा अंदाज बांधणे किती सोपे आहे यावर ठरते. कंपनीला तुमचा पासवर्ड किती सोपा आहे हे माहीत नसते, म्हणून ती सर्वांनाच बदलायला सांगते. तोच पासवर्ड तुम्ही ईमेललाही वापरला असेल, तर तो तिथे आधी बदला, कारण इतर खात्यांचे पासवर्ड नव्याने ठरवण्याच्या लिंक तिथेच येतात. पासवर्ड व्यवस्थापकाने तयार केलेली यादृच्छिक सोळा अक्षरे असतील, तर चांगल्या हॅशमधून ती सापडण्याची शक्यता व्यवहारात शून्य आहे. तरीही बदला, कारण चोराच्या हाती हॅशच लागला की आणखी काही, हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही.

हॅश डेटाबेसमधल्या नोंदीपुरताच आहे, हेही ध्यानात असू द्या. मे २०१८ मध्ये ट्विटरने जाहीर केले की ते bcrypt वापरत असूनही हॅश काढण्यापूर्वीचे पासवर्ड एका अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते, आणि ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. पासवर्ड सर्व्हरपर्यंत उघडाच पोहोचतो, असे मी सुरुवातीला म्हटले त्याचाच हा परिणाम.

बाहेरून वेबसाइटची पद्धत पूर्णपणे तपासता येत नाही, पण एक खूण निर्विवाद आहे. ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर तुमचा जुना पासवर्डच ईमेलने आला, तर तो तिथे परत वाचता येईल अशा स्वरूपात ठेवलेला आहे. हॅशमधून तो त्यांना काढता आला नसता. अशा ठिकाणी दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्डच ठेवा आणि शक्य असेल तर खाते बंद करा.