‘उपस्थित राहावे’ आणि ‘वेचायला यावे’

प्रश्न : आमच्या भागातल्या साफसफाईसाठी हे आवाहन लिहिलं आहे : ‘रविवारी सकाळी ७ वाजता परिसरात स्वच्छता मोहीम आयोजित करण्यात आली आहे. तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.’ मराठी शुद्ध आहे ना? काही खटकतं का?

शुद्ध आहे. खटकतं ते ‘उपस्थित राहावे’. हे क्रियापद सभेचं आणि समारंभाचं. येऊन उभं राहिलं, फोटोत दिसलं, की माणूस उपस्थित राहिला! पुढे कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्यांवर चिडण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी वाक्य अगदी अक्षरशः पाळलेलं असतं.

‘स्वच्छता’ हेही फार मोठं भांडं आहे. मराठीत कामागणिक क्रियापद आहे आणि कष्ट त्यातच सांगितलेले असतात. ‘वेचणे’ म्हटलं की वाकून एकेक वस्तू उचलणं. वजन नाही, पण कंबर बोलते. ‘झाडणे’ उभ्याने होतं, धूळ मात्र नाकात जाते. ‘उपसणे’ म्हणजे ओलं, जड काम, गटाराचा गाळच डोळ्यांसमोर येतो. ‘खरवडणे’ म्हणजे भिंतीवरचे चिकटलेले कागद आणि दुखरं मनगट. योग्य क्रियापद लिहिलंत की गुडघे दुखणाऱ्या आजी ‘वेचायचं’ वाचून घरी थांबतील, ‘झाडायचं’ असेल तर कदाचित खराटा घेऊन येतील.

वेळेचंही तसंच. ‘७ वाजता’ फक्त सुरुवात सांगतं. सुटका कधी, हे ‘ते’ या एकाच अक्षराच्या शब्दात येतं : ‘७ ते ९’. ‘थोडा वेळ’ मात्र टाळा, तो रबरासारखा ताणला जातो.

मी असं लिहीन :

‘श्रमदान. रविवारी सकाळी ७ ते ९. मैदानाच्या फाटकापासून शेवटच्या वळणापर्यंत रस्त्याकडेचं प्लास्टिक वेचून पोत्यांत भरायचं आहे. काम वाकून करायचं आहे. भरलेली पोती उचलायला चार दणकट माणसं वेगळी हवीत. अर्धा तास आलात तरी चालेल. हातमोजे आणि पोती आम्ही देऊ, पायात बंद बूट घालून या.’

‘श्रमदान’ मुद्दाम घेतला. ‘श्रम’मध्ये अंगमेहनत आली, ‘दान’मध्ये मोबदला नाही हे आलं. ‘स्वयंसेवक हवेत’ चुकीचं नाही, पण आपल्याकडे स्वयंसेवक म्हटलं की छातीला बिल्ला लावून गर्दी आवरणारा माणूस आठवतो.

आणि ‘आयोजित करण्यात आली आहे’ काढाच. कोणी केली ते त्यात कळत नाही. खाली कोणाला विचारायचं त्याचं नाव टाका, म्हणजे ‘आम्ही देऊ’मधले आम्ही कोण तेही कळेल.