पुस्तकाच्या फोटोखाली काय लिहायचं

प्रिय मित्रा,

‘बनगरवाडी’चा फोटो आणि त्याखालचा मजकूर पाहिला. ‘सध्या वाचतोय. अप्रतिम! ग्रामीण जीवनाचं विलक्षण चित्रण.’ यातून तुझी आवड कळत नाही, कारण हेच वाक्य शंभर पुस्तकांखाली चालेल. पुस्तक न वाचताही ते लिहिता येतं, आणि जाणत्या वाचकाला तीच शंका आधी येते.

आवड कळते ती निवडीतून. म्हणून आतापर्यंत वाचलेल्या पानांतली अशी एकच गोष्ट उचल, जी दुसऱ्या कुणी कदाचित उचलली नसती. या कादंबरीतला दुष्काळ सगळ्यांनाच आठवतो. शिवाय तो शेवटाकडे येतो. ज्यांनी वाचलेली नाही, त्यांचा रस का घालवायचा? तू अधेमधे आहेस, तर मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतो तो भाग घे. मग असं लिहिता येईल:

‘मास्तरनं शाळा भरवली, आता तालमीचं काढलंय. अख्खं गाव कामाला लागलंय. एरवी निसर्गवर्णन आलं की मी पानं भरभर उलटतो, इथे मात्र माळरानावर रेंगाळतोय.’

पहिली दोन वाक्यं पुस्तकाबद्दल आहेत, तिसरं तुझ्याबद्दल. ‘मला साधं, कमी शब्दांतलं लेखन आवडतं’ असं कुठेही म्हटलेलं नाही, तरी ते पोचतं. आपली नेहमीची सवय सांगायची आणि या पुस्तकानं ती कुठे मोडली ते दाखवायचं, एवढीच युक्ती. अर्थात सवय खरी हवी. वर्णनं तुला मुळातच आवडत असतील तर हे वाक्य तुझं नाही. ‘संवाद कमी असले की मी कंटाळतो’ असं काही खरं असेल ते घाल.

लिहून झालं की विशेषणं खोड. खोडल्यावर काहीच उरलं नाही, तर निवड चुकली असं समज आणि पुन्हा पानं चाळ. गाजलेलं अवतरण टाकू नकोस, ते इतरांच्या आवडीतून आलेलं असतं. आणखी एक बारीक गोष्ट: फोटोत खूण दहाव्या पानाशी आणि मजकूर तालमीचा, असं झालं की लोकांच्या लगेच लक्षात येतं. (कॉफीचा कप ठेवायचा तर ठेव, पण त्याचा उल्लेख नको. तो दिसतोच आहे.)

इन्स्टाग्रामवर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘more’ दाबल्यावर. म्हणून ‘नमस्कार वाचकहो’नं सुरुवात करून ती जागा घालवू नकोस, तालीम पहिल्याच वाक्यात यायला हवी. पुस्तकाचं आणि व्यंकटेश माडगूळकरांचं नाव शेवटच्या ओळीत टाईप कर. मुखपृष्ठावर उजेड चमकला की अक्षरं वाचता येत नाहीत, आणि ज्याला पुस्तक मिळवायचंय त्याला नाव नीट वाचता आलं पाहिजे.

तुझा,
एक जुना वाचक