१७० येनचा व्यवहार

*व्हॅलेंटाईन डे कंपन्यांनीच वाढवला म्हणतात, ते कितपत खरं? आणि सगळ्या देशांत तो एकसारखाच असतो का?*

नोकरीच्या निमित्ताने मी दोन वर्षं ओसाकाला होतो, म्हणून जपानचंच सांगतो. तिथे हे सगळं उघड्यावर दिसतं.

पहिल्या वर्षी १४ फेब्रुवारीला सकाळी ऑफिसात गेलो, तर टेबलावर चॉकलेटचा छोटासा डबा. ठेवणारी हिशेब विभागातली बाई, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी. मी गिरगावच्या चाळीत वाढलेला माणूस, कानशिलं तापली. मान वळवून पाहिलं तर खोलीतल्या प्रत्येक पुरुषाच्या टेबलावर तोच डबा, तीच सोनेरी फीत. शेजारचा हसून म्हणाला, "गिरी-चोको." गिरी म्हणजे कर्तव्य, समाजात राहायचं तर पाळावी लागते ती रीत. मला आपला शब्द आठवला : व्यवहार. लग्नात कोणी किती आहेर केला ते आई वहीत लिहून ठेवायची आणि त्यांच्याकडे कार्य निघालं की वही उघडायची, तोच हा. खऱ्या प्रेमाचं चॉकलेट वेगळं, त्याला 'होन्मेई' म्हणतात.

तिथे बायकांनी पुरुषांना द्यायचं, ही उलटी चाल कुठून आली? कोबेच्या मोरोझॉफ या मिठाईवाल्यांनी १९३६ मध्ये एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, पण ती वाचणार परदेशी लोक. गाडी पुढे सरकली नाही. मग १९५८ मध्ये मेरी चॉकलेट या कंपनीने टोकियोतल्या इसेतान या मोठ्या दुकानात तीन दिवस व्हॅलेंटाईनचा सेल लावला. विक्री किती? ५० येनची तीन चॉकलेटं आणि २० येनचं एक कार्ड. एकूण १७० येन! आपल्याकडचा दुकानदार असता तर तिथेच दुकान आवरलं असतं. यांनी पुढच्या वर्षी बदामाच्या आकाराचं चॉकलेट काढलं आणि वर्षातून एकदा बाईनेच पुरुषाला मन सांगायचं, अशी टूम काढली. अशा मोठ्या दुकानांत येणारं गिऱ्हाईक मुख्यतः बायकाच, तेव्हा गल्ल्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. आणि जिथे बाईने आधी बोलायची पद्धत नव्हती, तिथे मुलींना एक दिवसाची सूट मिळाली. माझ्या मते हा दिवस तिथे रुजला तो या सवलतीमुळे. नुसत्या जाहिरातीने रुजायचा असता तर १९३६ मध्येच रुजला असता.

पण आहेर म्हटला की परतफेड आलीच. १९७८ मध्ये तिथल्या मिठाई व्यावसायिकांनी ठरवलं की बरोबर महिन्याने, १४ मार्चला, पुरुषांनी उलट भेट द्यायची. नाव 'व्हाइट डे'. १९८० पासून तो सुरू झाला. वर तिप्पट परत करावं असा संकेत! मी साफ विसरलो होतो. १२ मार्चला साहेबांनी हळूच बाजूला घेऊन विचारलं, "बिस्किटं आणलीत ना?" संध्याकाळी पाच डबे घेतले, खिसा रिकामा.

अलीकडे बायकाच याला कंटाळल्यात. सगळ्या ऑफिसाला वाटायचं म्हणजे स्वतःच्या पगाराला कात्री. २०१८ मध्ये गोडायव्हा या चॉकलेटच्याच कंपनीने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की गिरी-चोको बंद करूया. भेट मनापासून असू द्या, हे म्हणणं. पण गोडायव्हा महागडी, तिचं चॉकलेट कोणी अख्ख्या ऑफिसाला वाटत नाही, हेही लक्षात घ्या. शेजारी दक्षिण कोरियात तर एप्रिलच्या १४ तारखेला एकटे राहिलेले लोक काळ्या सॉसच्या नूडल्स खातात. तिसऱ्या महिन्याचाही धंदा झाला.

मुंबईत गाडी वेगळ्या रुळावर गेली. नव्वदीत केबल टीव्ही आला, पाठोपाठ कार्डांची दुकानं. इथे अडचण कोणी कोणाला द्यायचं ही नव्हतीच, चारचौघांत द्यायचं का ही होती. म्हणून कार्डं जाळणं, दुकानांवर मोर्चे हे सगळं झालं. पुढे मोबाईल आल्यावर कार्डं आपोआप गेली आणि उरला गुलाब.

त्याचं गणित दादरच्या फूलबाजारात कळतं. लांब दांड्याचा लाल गुलाब बराचसा मावळातल्या पॉलिहाउसमधून येतो. छाटणीपासून फूल यायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात, म्हणून डिसेंबरच्या मध्याच्या आसपास छाटणी धरतात. परदेशी जाणारा माल आधी निघतो, उरलेला आपल्याला. थंडी लांबली की कळी मागे पडते आणि तयार होते ती १४ तारीख उलटून गेल्यावर. मागे एकदा १५ तारखेला पहाटे पूजेची फुलं घ्यायला गेलो होतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वीस-वीसच्या जुड्या तशाच पडलेल्या. फूलवाली म्हणाली, "काल भाव करत होतात का दादा? आज सांगाल तो भाव." मी झेंडू घेतला.